आयडीव्ही कापते कोण: कंपनी की तक्ता?

*फिरत असलेला निरोप, जसा आला तसा:*

*“गाडीवाल्यांनो जागे व्हा! विमा कंपन्या दर रिन्यूअलला तुमच्या गाडीची आयडीव्ही मनमानी करून कमी करतात. किंमत दीड लाखाने कमी, पण प्रीमियम तेवढाच किंवा जास्त! आयडीव्ही कमी असल्यामुळेच साध्या बंपरच्या क्लेमलाही पैसे कापले जातात. झिरो डेप घेतलं तर आयडीव्ही कमी होत नाही, हे एजंट सांगत नाहीत. रिन्यूअलला आयडीव्ही जास्तीत जास्त टाका, गाडी गेली तर घेतल्याची पूर्ण किंमत मिळेल. शेअर करा.”*

हा निरोप गेल्या महिन्याभरात मला सहा गटांतून आला. त्यातल्या दोन गटांत मीच एजंट म्हणून आहे, तेव्हा उत्तर देणं भाग आहे. मी चिपळुणात बसून मोटार विम्याचं काम करतो. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर मिळायची, पॉलिसीवर लिहिलेली गाडीची किंमत. माझं कमिशन प्रीमियमवर ठरतं आणि आयडीव्ही वाढली की प्रीमियम वाढतो. म्हणजे निरोपातला शेवटचा सल्ला सगळ्यांनी ऐकला तर फायदा माझाच आहे. तरीही तो चुकीचा आहे.

आकड्यांसाठी माझ्या शेजाऱ्याची गाडी घेतो. त्याला विचारून घेतो आहे. गाडी पेट्रोलची, 1197 सीसीची, चार मीटरच्या आतली, सप्टेंबर 2021 मध्ये नोंदलेली. तेव्हा तिची शोरूम किंमत 8,00,000 होती. शेजाऱ्याने ती 2024 च्या दिवाळीत पहिल्या मालकाकडून 5,90,000 ला घेतली. आधीची पॉलिसी संपलेली होती, म्हणून नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच्या नावाने नवी काढली. आयडीव्ही आली 5,40,000. नोव्हेंबर 2025 च्या रिन्यूअलला आली 4,11,500. एका वर्षात 1,28,500 कमी. कागद घेऊन तो संध्याकाळी माझ्या पडवीत आला आणि काही न बोलता समोर ठेवला. निरोप त्याच्यापर्यंतही पोचला होता.

मनमानीपासून सुरुवात करू. आयडीव्ही ही पद्धत 1 जुलै 2002 पासूनच्या भारतीय मोटार टॅरिफबरोबर आली. तिच्यात दोनच गोष्टी असतात. एक, पॉलिसी सुरू होते त्या दिवशी त्याच मॉडेलच्या नव्या गाडीची कंपनीने जाहीर केलेली विक्री किंमत, म्हणजे आपण शोरूम किंमत म्हणतो ती. दोन, गाडीच्या वयाप्रमाणे ठरलेला घसारा. सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, सहा महिने ते एक वर्ष 15, एक ते दोन वर्षं 20, दोन ते तीन 30, तीन ते चार 40, चार ते पाच 50. तक्ता इथे संपतो. त्यात कंपनीचं नाव नाही, गाव नाही, गाडी किती किलोमीटर फिरली हेही नाही. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने दरवाजाच्या खालची पट्टी चौथ्या वर्षी फुगते. पुण्यात तीच गाडी चकचकीत राहते. तक्त्याला दोन्ही सारख्याच. गंज हा झीज म्हणून क्लेममध्ये बसत नाही, पण आयडीव्हीतूनही तो कोणी वजा करत नाही.

मुंबईच्या चाकरमान्यांना एक शंका नेहमी येते, गाडी गावाला नोंदवली तर किंमत कमी धरतात का. नाही. जुन्या टॅरिफने देशाचे दोन झोन केले. मुंबई आणि पुणे ए झोनमध्ये, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग बी झोनमध्ये. झोनमुळे प्रीमियमचा दर बदलतो. आपल्याकडे तो किंचित कमीच आहे.

आता शेजाऱ्याच्या गाडीकडे. बहुतेक जण इथेच चुकतात, मीही सुरुवातीची एक-दोन वर्षं चुकत होतो. आयडीव्ही तुमच्या बिलावरून काढत नाहीत. तुम्ही गाडी कितीला घेतली, सूट किती मिळाली, सेकंड हँड कोणाकडून घेतली, याच्याशी तिचा संबंध नाही. ती आजच्या नव्या गाडीच्या किमतीवरून निघते. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच मॉडेलची, त्याच व्हेरियंटची शोरूम किंमत 9,00,000 झाली होती. गाडी तीन वर्षं दोन महिन्यांची, घसारा 40 टक्के. नऊ लाखांचे 60 टक्के म्हणजे 5,40,000. जुन्या बिलावरून काढली असती तर आठ लाखांचे 60 टक्के, 4,80,000 आली असती. म्हणजे तेव्हा किंमतवाढीने त्याला साठ हजारांचा फायदा झाला होता. तो त्याला दिसला नाही. फायदा झाला की कोणी कागद घेऊन पडवीत येत नाही.

नोव्हेंबर 2025 ला गाडी चार वर्षं दोन महिन्यांची झाली. घसारा 50 टक्के. नऊ लाखांचे निम्मे 4,50,000 होतात, मग 4,11,500 कुठून आले? तर 22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्या दिवशी, गाड्यांवरचा जीएसटी उतरला. या गाडीच्या वर्गाला आधी 28 टक्के जीएसटी आणि 1 टक्का सेस मिळून 29 होता, तो 18 झाला. नऊ लाखांतून 29 टक्के कर काढला तर मूळ किंमत साधारण 6,97,700 येते. त्यावर 18 टक्के लावले की 8,23,000 च्या आसपास. शोरूमची नवी किंमतही तेवढीच होती. तिचे निम्मे 4,11,500.

म्हणजे घट 1,28,500 ची. त्यातले 90,000 गाडीचं वय वाढल्याने गेले आणि 38,500 नव्या गाडीवरचा कर उतरल्याने. दसऱ्याला नवी गाडी घेणाऱ्यांनी पेढे वाटले. जुन्या गाडीच्या मालकांना त्याच कपातीचा हा दुसरा चेहरा रिन्यूअलला दिसला. मला वाटतं हा निरोप याच हंगामात पसरला त्याचं कारण हेच आहे. नेहमीपेक्षा मोठी घट लोकांना पहिल्यांदा दिसली आणि तिचं कारण कोणी सांगितलं नाही. कोटेशनच्या कागदावर शोरूम किंमत छापलेली नसते, फक्त आयडीव्ही असते. ती किंमत विचारून घ्या. एजंट सांगत नसेल तर त्या दिवशीच्या शोरूम भावावर तक्त्याचा टक्का लावून स्वतः काढा. दोन-पाच हजारांचा फरक पडू शकतो. पन्नास हजारांचा फरक आला तर विचारायलाच हवं. एक खूण सांगतो, असा मोठा फरक बहुतेक वेळा व्हेरियंट चुकीचा टाकल्याने येतो. वरच्या व्हेरियंटच्या गाडीला खालचा कोड. पॉलिसीवर मॉडेलच्या नावापुढे व्हेरियंट असतं, ते आरसीशी आणि मूळ बिलाशी ताडून बघा.

शोरूम किंमत म्हणजे ऑन-रोड किंमत नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. रोड टॅक्स, नोंदणीचा खर्च, पहिल्या विम्याचा हप्ता यांतलं काही आयडीव्हीत येत नाही. त्यामुळे नवी कोरी गाडी दुसऱ्या दिवशी गेली तरी आयडीव्ही तुमच्या खिशातून गेलेल्या रकमेच्या बरीच खाली असते. हे भरून काढायला “रिटर्न टू इनव्हॉइस” नावाचं वेगळं कव्हर मिळतं. ते जास्त पैसे देऊन घ्यावं लागतं आणि बहुतेक कंपन्या ते गाडीच्या पहिल्या काही वर्षांतच देतात. घेतल्याची पूर्ण किंमत ज्यांना हवी आहे त्यांचा रस्ता तिकडून जातो. ऑनलाइन फॉर्मवरची आयडीव्हीची पट्टी ओढून तिथे पोचता येत नाही.

प्रीमियमबद्दलची तक्रार मात्र मी उडवून लावणार नाही. ती खरी असू शकते. शेजाऱ्याच्या कागदावर ती खरीच होती.

विम्याच्या हप्त्यात दोन वेगळे भाग असतात. थर्ड पार्टीचा भाग, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा, सरकार ठरवतं. 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीला तो 3,416 रुपये आहे. गाडी नवी असो वा जुनी, आयडीव्ही वीस लाख असो वा दीड लाख, हा आकडा तोच. दुसरा भाग ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. हा आयडीव्हीवर टक्क्याने निघतो. जुन्या टॅरिफप्रमाणे बी झोनमधल्या, पाच वर्षांच्या आतल्या, या वर्गाच्या गाडीला दर 3.191 टक्के. 2007 पासून हे दर कंपन्यांना मोकळे झाले. आता कंपन्या अशा पायाभूत दरावर आपापली सूट देतात.

शेजाऱ्याचं गणित असं. 2024 ला 5,40,000 वर 3.191 टक्के म्हणजे 17,231. कंपनीने 60 टक्के सूट दिली, उरले 6,893. 2025 ला 4,11,500 वर 13,131. आयडीव्ही उतरली तसा हा आकडाही 4,100 रुपयांनी उतरला. पण या वेळी सूट 45 टक्केच दिली. उरले 7,222. म्हणजे गाडीची किंमत सव्वा लाखाने कमी आणि हप्ता 329 रुपयांनी जास्त. वर थर्ड पार्टी आणि जीएसटी वेगळा.

त्याचा राग योग्य होता, फक्त चुकीच्या ओळीवर होता. आयडीव्हीने आपलं काम बरोबर केलं होतं. सूट कमी झाली होती, कारण मधल्या वर्षात त्याने एक क्लेम घेतला होता. त्याच क्लेममुळे 20 टक्के नो क्लेम बोनसही गेला. क्लेम नसता तर याच 7,222 चे 5,778 झाले असते. तेव्हा कोटेशन आलं की आयडीव्हीच्या ओळीवर थांबू नका. खाली “ओडी डिस्काउंट”, म्हणजे ओन डॅमेजवरची सूट, आणि “एनसीबी”, म्हणजे नो क्लेम बोनस, या दोन ओळी असतात. मागच्या वर्षीच्या पॉलिसीतल्या त्याच ओळी शेजारी धरा. घासाघीस करायची जागा ती आहे. सूट कंपनीच्या हातात असते. शेजाऱ्याला मी दुसऱ्या कंपनीचं कोटेशन काढून दिलं, तिथे तेवढ्याच आयडीव्हीवर सूट जास्त होती. तो तिकडे गेला.

नवी गाडी घेतलेल्यांना हाच धक्का चौथ्या वर्षी वेगळ्या वाटेने बसतो. सप्टेंबर 2018 पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे मधली दोन रिन्यूअल फक्त ओन डॅमेजची, स्वस्तातली वाटतात. तीन वर्षं संपली की थर्ड पार्टी पुन्हा हप्त्यात येऊन बसतो. आयडीव्ही खाली गेलेली आणि एकूण रक्कम वर, असं ते दिसतं. दोन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो.

आता तो मधल्या वर्षातला क्लेम, कारण निरोपातला बंपर तिथेच बसतो. जून महिना, हातखंब्याच्या अलीकडे, पावसाची सर आणि रस्त्यात बसलेली गुरं. महामार्गावर रात्री गुरं का बसतात हे ज्याने कोकणात पावसाळा काढलाय त्याला सांगायला नको, डांबर उबदार असतं. ब्रेक लागला, गाडी घसरून दुभाजकाच्या दगडाला घासली. पुढचा बंपर फुटला, बॉनेट दुमडलं.

गॅरेजचं बिल 44,000. बंपर 12,000, बॉनेट 18,000, रंगकाम 8,000, मजुरी 6,000. कंपनीने दिले 31,500. शेजाऱ्याच्या खिशातून 12,500 गेले. ते कुठे गेले ते बघा. बंपर प्लास्टिकचा. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी यांवर गाडी कितीही नवी असली तरी निम्मा घसारा धरतात, म्हणून 6,000 गेले. बॉनेट पत्र्याचं. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या पत्र्याला 25 टक्के, 4,500 गेले. रंगकामाच्या बिलात पाव हिस्सा रंगाचं सामान धरून त्यावर निम्मा घसारा, 1,000 गेले. मजुरी पूर्ण मिळाली. शेवटी 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममधून सक्तीने वजा होणारे 1,000. बेरीज 12,500.

या हिशेबात 5,40,000 हा आकडा कुठेही आला नाही. आयडीव्ही सात लाख असती तरी 31,500 च मिळाले असते, तीन लाख असती तरी तेवढेच. सुट्या भागांचा घसारा हा दुसरा तक्ता आहे. दोन्हींना घसारा म्हणतात म्हणून लोक गोंधळतात, आणि मला वाटतं या निरोपाचा निम्मा गैरसमज एका शब्दाने केलाय. आयडीव्हीचा तक्ता फक्त दोन प्रसंगी लागतो, गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर. बाकी सगळ्या क्लेमना सुट्या भागांचा तक्ता.

झिरो डेपचं उत्तर यातच आलं. झिरो डेप हे जादा हप्ता भरून घ्यायचं कव्हर सुट्या भागांचा हा दुसरा तक्ता बाजूला ठेवतं. शेजाऱ्याकडे ते असतं तर बंपर, बॉनेट आणि रंगाचे मिळून 11,500 वाचले असते, फक्त सक्तीचे 1,000 गेले असते. आयडीव्हीच्या तक्त्याला ते हातही लावत नाही. झिरो डेप घेऊनही रिन्यूअलला 40 चे 50 टक्के होणारच. झिरो डेप असलेली गाडी पूर्ण गेली तरी मिळते ती आयडीव्हीच. एखादा एजंट उलटं सांगत असेल तर त्याच्याकडून ते लेखी मागा, म्हणजे विषय मिटेल.

राहिला शेवटचा सल्ला. यावर जरा थांबतो, कारण माणसाचं खरं नुकसान इथे होतं.

2002 च्या आधी पद्धत अशीच होती. मालक स्वतःच्या अंदाजाने किंमत लिहायचा आणि त्यावर हप्ता भरायचा. गाडी गेली की कंपनी सर्व्हेअर पाठवायची आणि त्या दिवसाचा बाजारभाव काढायची. मालकाने लिहिलेली किंमत आणि बाजारभाव यांत जी कमी ती द्यायची. म्हणजे सहा लाखांवर वर्षानुवर्षं हप्ता भरा आणि हातात चार लाख घ्या. भांडणं कोर्टात जायची. ती थांबवायला आयडीव्ही आणली. टॅरिफमध्ये स्पष्ट लिहिलं की पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत आयडीव्ही हाच बाजारभाव मानायचा, पुन्हा घसारा कापायचा नाही. म्हणून नोव्हेंबरात ठरलेली 4,11,500 पुढच्या ऑक्टोबरात गाडी चोरीला गेली तरी 4,11,500 च राहते. ही हमी तक्त्याच्या बदल्यात मिळालेली आहे. ऑनलाइन फॉर्मवर आयडीव्हीची पट्टी डावी-उजवीकडे सरकवता येते ती थोडीशीच, तिला दोन्ही टोकांना मर्यादा असते. चार वर्षांच्या गाडीला घेतल्याची किंमत तिथे येतच नाही.

आणि तेवढी थोडीशी सरकवूनही काय होऊ शकतं ते मी 22 जुलै 2021 च्या पुरानंतर पाहिलं. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्याच्या पार्किंगमधल्या गाड्यांचं काय झालं हे चिपळूणकरांना माहीत आहे. पाणी ओसरल्यावर गाडीचा दरवाजा उघडला की आधी गाळ बाहेर पडायचा, मग वास यायचा. डॅशबोर्डवर हाताने पुसलं तर खाली मीटरच्या काचेआड पाण्याची रेघ दिसायची. सर्व्हेअर तीच रेघ बघायचे, पाणी कुठवर चढलं ते कळायला.

एकाच आवारात दोन सारख्या गाड्या होत्या. मॉडेल एक, वय एकच, चार ते पाचच्या मधलं. एकीची आयडीव्ही 4,00,000. दुसऱ्या मालकाने पट्टी वरच्या टोकाला नेऊन 4,60,000 करून घेतली होती आणि त्यासाठी हप्ताही जास्त भरला होता. दोघांनीही पाण्यातून काढल्यावर स्टार्टर मारला नव्हता, हे शहाणपणाचं केलं होतं. नुकसान जवळजवळ सारखं. गॅरेजचा अंदाज 4,30,000 चा. वायरिंग, सीट, कंट्रोल युनिट, सगळं. त्यातून सुट्या भागांचा घसारा 1,04,000 आणि सक्तीचे 1,000 गेल्यावर पॉलिसीच्या अटींत बसणारा खर्च सर्व्हेअरने दोघांचाही 3,25,000 धरला.

नियम असा आहे की अटींत बसणारा दुरुस्तीचा आणि गाडी आणण्याचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरायची. पहिल्या गाडीचे 75 टक्के म्हणजे 3,00,000. खर्च त्याच्या वर. टोटल लॉस मंजूर. मालकाला 3,99,000 मिळाले, गाडी कंपनीने नेली. दुसऱ्या गाडीचे 75 टक्के 3,45,000. खर्च त्याच्या खाली. म्हणजे गाडी दुरुस्तीची. झिरो डेप नव्हतं. कंपनीने गॅरेजला 3,25,000 दिले, मालकाने वरचे 1,05,000 स्वतः भरले आणि पुरातली गाडी घरी आणली. सहा महिन्यांत एकदा मागची काच खाली जाऊन वर आली नाही, एकदा एबीएसचा दिवा लागला तो विझेना. दोन वर्षांनी त्याने ती मिळेल त्या भावाला काढली.

जास्त हप्ता भरून त्याने स्वतःसाठी टोटल लॉसची पायरी उंच करून घेतली होती. चोरी झाली असती तर त्याला साठ हजार जास्त मिळाले असते, हे खरं. पण आपल्या किनाऱ्यावर गाडी पूर्ण जाण्याचा मोठा धोका पाण्याचा आणि पडणाऱ्या झाडांचा आहे. त्या क्लेममध्ये बऱ्याच गाड्या दुरुस्ती आणि टोटल लॉस यांच्या सीमेवरच असतात. म्हणून माझा आग्रह असा की आयडीव्ही तक्त्याप्रमाणे ठेवा आणि वाढवायचं असेल तर झिरो डेप आणि इंजिनचं कव्हर वाढवा. पैसे तिथे कामी येतात.

उलट चूकही होते, आणि ती आम्हा एजंट लोकांची जास्त. हप्ता कमी दाखवायला पट्टी डावीकडे ओढायची. गिऱ्हाईक हजार रुपये वाचले म्हणून खूश. गाडी गेली की कळतं, पन्नास हजार कमी आले. गाडीवर कर्ज असेल तर आलेल्या रकमेतून आधी बँक आपलं घेते, उरलं तर मालकाचं. हप्ता संशयास्पद स्वस्त वाटला तर आयडीव्ही आधी बघा.

शेजाऱ्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, पुढच्या वर्षी काय? नोव्हेंबर 2026 ला त्याची गाडी पाच वर्षं दोन महिन्यांची होईल. तेव्हा तक्ता संपलेला असेल. पाच वर्षांपुढच्या गाडीची आणि बंद झालेल्या मॉडेलची आयडीव्ही कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. निरोपातला मनमानी हा शब्द कुठे जवळपास बसत असेल तर इथे, कारण इथे एका कंपनीचा आकडा 3,60,000 येतो, दुसरीचा 3,10,000. बहुतेक लोक पहिला आकडा आला तो मान्य करतात.

मी त्याला सांगितलं, दिवाळीच्या आधी पंधरा दिवस माझ्याकडे ये. तोवर तुझ्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या, पेट्रोलच्या तीन गाड्यांचे भाव काढून ठेव. एक रत्नागिरीच्या जुन्या गाड्यांच्या डीलरकडून, एक चिपळुणातून, एक ऑनलाइन. डीलर विकायचा भाव सांगेल, तू त्याला घ्यायचा भाव विचार. तो जो आकडा सांगेल त्याच्या आसपास आपण आयडीव्ही मागू. कंपनीने फार खाली धरली तर दुसरीकडे जाऊ. आणि तेव्हा गाडीचे फोटो काढतील, तर दरवाजाखालचा गंज आत्ताच घासून घे.